'मोडी लिपी' शोधल्यावर कोणते पुस्तक वर यावे? जोड्यांवरून क्रमवारी शिकवण्याची रीत

पुण्यातील एका पेठेतल्या जुन्या वाचनालयाची सूची संगणकावर आली, तेव्हा शोधाचे काम माझ्याकडे आले. तेथे सर्वाधिक तक्रारी 'मोडी लिपी' या शोधाबद्दल होत्या. मोडी शिकवणारी मुळाक्षरांची पुस्तिका दुसऱ्या क्रमांकावर यायची आणि तिच्या वर भारतीय लिप्यांचा एक जाडजूड ग्रंथ बसायचा, कारण त्याच्या शीर्षकात, विषयात आणि परिचयात 'लिपी' हा शब्द बऱ्याच वेळा आला होता. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अहो, मोडी मागणाऱ्यांतले बहुतेक घरातली जुनी कागदपत्रे वाचायला निघालेले असतात. त्यांना आधी बाराखडी लागते." पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ ज्या शहरात आहेत तेथे हे खरेच आहे. मात्र शब्द मोजणाऱ्या बीएम२५ सारख्या सूत्राला ते कळण्याचा मार्ग नसतो. ते कळावे म्हणून लहानसे न्यूरल नेटवर्क जोड्यांच्या लॉसवर कसे शिकवायचे, हे याच एका शोधाच्या आधाराने पुढे मांडले आहे.

गुण सांगू नका, जोडी सांगा

प्रत्येक पुस्तकाला ० ते ३ अशी श्रेणी द्यावी आणि नेटवर्कला तोच आकडा ओळखायला शिकवावे, असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल. त्यातील अडचण अशी की एका क्वेरीतील '२' आणि दुसऱ्या क्वेरीतील '२' यांचा अर्थ क्वचितच सारखा असतो. शिवाय वाचकाला आकडा दिसत नाही, त्याला फक्त क्रम दिसतो. नेटवर्कने ३ ऐवजी २.१ आणि २ ऐवजी २.० सांगितले तर आकड्यांची चूक मोठी ठरते, पण क्रम बिनचूक राहतो. म्हणून प्रश्नच बदलायचा: एकाच क्वेरीखालची दोन पुस्तके घ्यायची आणि त्यांपैकी वर कोणते असावे एवढेच विचारायचे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील क्रिस बर्जेस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेली रँकनेट ही पद्धत याच कल्पनेवर उभी आहे.

एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. नेटवर्क दोन पुस्तके एकदम पाहत नाही. ते एका वेळी एकाच पुस्तकाची फीचर्स घेते आणि एकच गुण देते. जोडी फक्त लॉस काढताना येते. त्यामुळे शिकून झाल्यावर प्रत्यक्ष शोधाच्या वेळी जोड्या कराव्या लागत नाहीत. वीस पुस्तकांना वीस गुण द्यायचे आणि उतरत्या क्रमाने लावायचे, एवढेच काम उरते.

निवाडे गोळा करणे

सुमारे तीनशे क्वेरी घ्या. त्या स्वतः रचू नका, शोधाच्या नोंदींतून उचला. वारंवार येणाऱ्यांबरोबर एकदाच आलेल्याही असू द्या. प्रत्येक क्वेरीसाठी बीएम२५ वापरून वरची वीस पुस्तके काढा. ही पहिली पायरी कच्ची राहिली तर पुढचे सगळे व्यर्थ आहे, कारण योग्य पुस्तक विसांत आलेच नाही तर क्रम लावणारा त्याला कोठून आणणार?

मराठीत ही पायरी लिपीच्या बारीकसारीक गोष्टींत अडकते. 'दऱ्या' हा शब्द 'ऱ' हे अक्षर वापरूनही टंकता येतो आणि साध्या 'र' नंतर हलन्त व जोडणारे अदृश्य चिन्ह टाकूनही टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण 'र' आणि नुक्ता यांची जोडी 'ऱ' मध्ये बदलते, पण अदृश्य चिन्हाचे रूप तसेच राहते. त्यासाठी स्वतः एक ओळ लिहावी लागते. तसेच 'पुणे' शोधणाऱ्याला 'पुण्याचा' असलेले शीर्षक मिळावे म्हणून विभक्तिप्रत्यय काढण्याची काही तरी सोय हवी. हे काम नेटवर्कवर सोपवू नका.

मग त्या विसांतील प्रत्येक पुस्तकाला ० ते ३ श्रेणी द्या. श्रेणी देताना बीएम२५चा क्रम दिसू देऊ नका, नाही तर निवाडा करणारा नकळत त्याच्याच मागे जातो. आम्ही पुस्तके उलटसुलट करून दाखवत होतो. एखाद्या क्वेरीत ३ श्रेणीची दोन, २ ची तीन, १ ची पाच आणि ० ची दहा पुस्तके निघाली, तर एकूण १९० जोड्यांपैकी ५९ जोड्यांत दोन्ही बाजू समान श्रेणीच्या असतात. त्या गाळल्यावर १३१ उपयोगी जोड्या उरतात. वीस निवाड्यांतून १३१ धडे मिळणे हा चांगला सौदा आहे, मात्र ते धडे एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, हे विसरू नये. एका पुस्तकाची श्रेणी चुकली की त्याच्या अनेक जोड्या एकदम चुकतात.

वाचकांच्या क्लिकवरून जोड्या बनवण्याचा मोह होतो. क्लिक वरच्या निकालांवरच जास्त पडतात, म्हणून 'क्लिक झाले ते चांगले' हा अर्थ फसवा आहे. एखाद्याने पहिले दोन निकाल ओलांडून तिसऱ्यावर क्लिक केले, तर तिसरा त्या दोघांपेक्षा बरा, एवढेच जरा विश्वासाने म्हणता येते. लहान वाचनालयात अशा नोंदी इतक्या विरळ असतात की मी त्या बाजूलाच ठेवल्या.

फीचर्स आणि नेटवर्क

आम्ही बारा फीचर्स घेतली. शीर्षक, लेखक, विषय आणि परिचय या चार रकान्यांवरचे बीएम२५चे चार आकडे ही पहिली चार होत. त्यांच्या जोडीला क्वेरीतील किती टक्के शब्द शीर्षकात आहेत, शीर्षक तंतोतंत जुळते का, शीर्षकाची लांबी, आवृत्तीचे वर्ष, प्रतींची संख्या, गेल्या वर्षी पुस्तक किती वेळा घरी नेले गेले, पृष्ठसंख्या आणि क्वेरीतील शब्दांची संख्या होती. मोजणीच्या फीचर्सना log(1+x) लावा. त्यानंतर प्रत्येक फीचरमधून सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागा, आणि हे दोन्ही आकडे केवळ शिकवण्याच्या भागातून काढा.

क्वेरीतील शब्दांची संख्या त्या क्वेरीच्या सर्व पुस्तकांसाठी सारखीच असते. सरळ रेषीय सूत्रात जोडीची वजाबाकी झाली की ती नाहीशी होते आणि तिचा काहीच उपयोग होत नाही. नेटवर्कमध्ये मात्र ती इतर फीचर्सचा अर्थ बदलू शकते. उदाहरणार्थ, एका शब्दाच्या क्वेरीत शीर्षकाच्या जुळणीला कमी आणि चार शब्दांच्या क्वेरीत जास्त वजन. अशा कामासाठीच नेटवर्क घ्यायचे असते.

```python
import torch
from torch import nn
import torch.nn.functional as F

net = nn.Sequential(
    nn.Linear(12, 32), nn.ReLU(),
    nn.Linear(32, 16), nn.ReLU(),
    nn.Linear(16, 1, bias=False))
```

यात एकूण ९६० वजने आहेत. तीनशे क्वेरींना याहून मोठे जाळे पेलत नाही. शेवटच्या थरातील `bias=False` कशासाठी, ते लवकरच कळेल.

लॉस, आकड्यांसह

जोडीतील चांगल्या पुस्तकाचा गुण sᵢ आणि दुसऱ्याचा sⱼ असेल, तर त्या जोडीचा लॉस असा:

```
L = log(1 + exp(-(s_i - s_j)))
```

फरक मोठा आणि योग्य दिशेने असेल तर लॉस शून्याजवळ जातो. उलट दिशेने असेल तर जवळजवळ फरकाइतकाच वाढत जातो. 'मोडी लिपी' क्वेरीतील तीनच पुस्तके घेऊ. 'क' ही मुळाक्षरांची पुस्तिका, श्रेणी ३. 'ख' हे मोडीवर एक प्रकरण असलेले पेशवाईच्या इतिहासाचे पुस्तक, श्रेणी १. 'ग' हा तो लिप्यांचा ग्रंथ. त्यात मोडीवर काहीच नाही, म्हणून श्रेणी ०. नेटवर्कने सुरुवातीला यांना अनुक्रमे ०.४, ०.१ आणि १.२ गुण दिले असे समजा.

क आणि ख यांच्यात फरक ०.३, दिशा योग्य, लॉस ०.५५. क आणि ग यांच्यात फरक उणे ०.८, लॉस १.१७. ख आणि ग यांच्यात फरक उणे १.१, लॉस १.३९. सरासरी १.०४ येते. सर्व गुण समान असते तर प्रत्येक जोडीचा लॉस log 2 म्हणजे ०.६९३ आला असता, म्हणजे हे नेटवर्क काहीच न जाणणाऱ्यापेक्षाही वाईट आहे. हा ०.६९३ आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

आता ढकलणे पाहू. प्रत्येक जोडी चांगल्याला जेवढे वर ढकलते, नेमके तेवढेच दुसऱ्याला खाली ढकलते, आणि हा जोर सिग्मॉइड(sⱼ − sᵢ) इतका असतो. वरील तीन जोड्यांचे जोर अनुक्रमे ०.४३, ०.६९ आणि ०.७५ आहेत. क ला दोन्ही जोड्यांतून वर, म्हणजे अधिक १.१२ मिळतात. ख ला ग मुळे वर आणि क मुळे खाली, निव्वळ अधिक ०.३२. ग ला दोन्हींकडून खाली, उणे १.४४. बेरीज शून्य. ती नेहमीच शून्य असते, आणि म्हणूनच शेवटच्या थरातील स्थिर पदाला शिकण्यासारखे काही मिळत नाही. ते ठेवले तर त्याचा ग्रेडियंट गणनेतील अपूर्णांकाच्या धुळीएवढा येतो, आणि अ‍ॅडम हा ऑप्टिमायझर लहान ग्रेडियंट मोठे करून वापरत असल्याने ती धूळही कधी कधी त्या पदाला हलवते. त्यापेक्षा ते नसलेलेच बरे.

प्रत्येक जोडीसाठी नेटवर्क पुन्हा चालवायची गरज नाही. क्वेरीतील सगळ्या पुस्तकांना एकदाच गुण द्या आणि फरकांचा चौकोनी तक्ता बनवा:

```python
def pair_loss(s, y):
    ds = s.unsqueeze(1) - s.unsqueeze(0)
    mask = y.unsqueeze(1) > y.unsqueeze(0)
    if not mask.any():
        return None
    return F.softplus(-ds[mask]).mean()
```

मधली `if` ओळ ही शोभेची नाही. एखाद्या क्वेरीत सगळ्यांना ० श्रेणी असेल तर एकही जोडी उरत नाही, रिकाम्या यादीची सरासरी `nan` येते आणि ती इतर क्वेरींच्या लॉसमध्ये मिसळली की पूर्ण फेरीची सरासरीही `nan` होते. अशी क्वेरी सोडून द्यायची.

शेवटच्या ओळीत बेरीज न घेता सरासरी घेतली आहे, हाही एक निर्णय आहे. जोड्यांची संख्या पुस्तकांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बेरीज घेतली तर चाळीस पुस्तकांची क्वेरी वीस पुस्तकांच्या क्वेरीपेक्षा सुमारे चौपट आवाज करते, आणि 'इतिहास' सारख्या ढोबळ क्वेरी सगळ्या शिक्षणावर हुकूमत गाजवतात.

```python
opt = torch.optim.Adam(net.parameters(),
                       lr=1e-3, weight_decay=1e-4)
for X, y in train_queries:
    loss = pair_loss(net(X).squeeze(-1), y)
    if loss is None: continue
    opt.zero_grad(); loss.backward(); opt.step()
```

एका पावलाला एक क्वेरी. वेगवेगळ्या क्वेरींची पुस्तके एकाच तक्त्यात कधीही मिसळू नका. तसे केल्यास 'मोडी लिपी' मधील ३ आणि 'दिवाळी अंक' मधील १ यांची जोडी बनते, जिला काही अर्थ नाही; कार्यक्रम मात्र न कुरकुरता चालत राहतो.

मोजणे, आणि माझी फजिती

क्रम किती चांगला हे एनडीसीजीने मोजतात. पुस्तकाच्या श्रेणीवरून त्याचा लाभ 2^श्रेणी − 1 असा काढतात, तो log₂(क्रमांक + 1) ने भागतात, सगळ्यांची बेरीज करतात आणि आदर्श क्रमाच्या बेरजेने भागतात. आपल्या उदाहरणात क चा लाभ ७, ख चा १, ग चा ०. ग, क, ख या क्रमाची बेरीज ४.९२ होते, क, ख, ग या आदर्श क्रमाची ७.६३, म्हणून एनडीसीजी ०.६४. शिकवण्यासाठी ठेवलेल्या क्वेरी आणि तपासणीच्या क्वेरी वेगळ्या हव्यात. विभागणी क्वेरीनुसार करावी, पुस्तकांच्या ओळींनुसार नाही. मराठीत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. 'मोडी लिपी' आणि जुन्या वळणाचे 'मोडी लिपि' या नोंदींत दोन क्वेरी दिसतात, पण त्यांचे निवाडे एकच असतात. एक या बाजूला आणि दुसरी त्या बाजूला गेली की परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला असतो. शुद्धलेखनाची सगळी रूपे एका गठ्ठ्यात बांधून तो गठ्ठा एकाच बाजूला टाकावा.

पहिल्या दिवशी माझा एनडीसीजी १.० आला. मी तो आकडा दोनदा पाहिला आणि चहा प्यायला उतरलो. परत आल्यावर लॉसकडे लक्ष गेले: तो ०.६९३ वर थिजलेला होता. फीचर्सचे सामान्यीकरण मी विसरलो होतो, आवृत्तीचे १९८७ सारखे वर्ष तसेच आत जात होते, त्या झटक्याने रेलूचे सगळे पेशी-घटक शून्यावर मेले होते आणि प्रत्येक पुस्तकाला अगदी एकच गुण मिळत होता. मग एनडीसीजी १.० कसा? निवाड्यांची फाइल ग्रंथपालबाईंनी नीटनेटकेपणाने श्रेणीच्या उतरत्या क्रमाने लावून दिली होती. गुण समान असल्यावर क्रमवारीचे फंक्शन मूळ क्रम तसाच ठेवते, आणि मूळ क्रम हाच आदर्श क्रम होता. तेव्हापासून मोजण्यापूर्वी या दोन ओळी मी चुकवत नाही:

```python
p = torch.randperm(len(y))
s, y = s[p], y[p]
```

शिवाय दर फेरीला प्रत्येक क्वेरीतील गुणांचे प्रमाण विचलन छापतो. ते शून्य असेल तर बाकीचे आकडे वाचण्यात अर्थ नाही.

याच्या उलट प्रकारही घडतो. तपासणीच्या क्वेरींवरचा लॉस काही फेऱ्यांनंतर वाढू लागतो, पण एनडीसीजी जागेवरच राहतो. ज्या जोड्या बरोबर आहेत त्यांचा लॉस आणखी कमी करण्यासाठी नेटवर्क सगळे गुण ताणत नेते. मग ज्या थोड्या जोड्या चुकीच्या आहेत त्यांचा दंड त्याच प्रमाणात फुगतो. क्रम बिघडलेला नसतो, फक्त आत्मविश्वास वाढलेला असतो. म्हणून थांबण्याचा निर्णय तपासणीच्या एनडीसीजीवरून घ्यावा.

वरच्या जागेला जास्त किंमत

आपल्या उदाहरणात सर्वांत जास्त जोर कोणत्या जोडीने लावला ते पुन्हा पाहा: ख आणि ग, ०.७५. ही दोन्ही पुस्तके वाचकाच्या फारशा कामाची नाहीत. त्याला हवी ती पुस्तिका, म्हणजे क, ग च्या वर येणे महत्त्वाचे, आणि त्या जोडीचा जोर त्याहून कमी होता. साधा लॉस तळाच्या अदलाबदलीला आणि माथ्याच्या अदलाबदलीला एकाच मापाने मोजतो. त्यामुळे लॉस उतरत राहतो आणि पहिले पान जसेच्या तसे राहते.

उपाय लॅम्डारँक या पुढच्या पद्धतीत आहे: प्रत्येक जोडीचा जोर, ती दोन पुस्तके आत्ताच्या क्रमात अदलाबदल केल्यास एनडीसीजी जितका बदलेल तितक्याने गुणायचा. क आणि ग यांच्या अदलाबदलीने तो ०.३३९ ने बदलतो, क आणि ख यांच्या ०.१०३ ने, ख आणि ग यांच्या केवळ ०.०६६ ने. गुणाकारानंतर जोर अनुक्रमे ०.२३, ०.०४ आणि ०.०५ उरतात. क–ग ही जोडी आता बाकीच्या दोघींच्या जवळजवळ पाचपट जोराने बोलते, आणि ख वर निव्वळ जवळजवळ काहीच जोर राहत नाही, हे योग्यच आहे. कोडमध्ये `F.softplus(-ds)` ला या वजनांच्या तक्त्याने गुणावे. तो तक्ता दर पावलाला आत्ताच्या गुणांवरून नव्याने काढावा आणि त्यातून ग्रेडियंट जाऊ देऊ नये. मी आधी काही फेऱ्या साध्या लॉसवर चालवून मग ही वजने लावतो, कारण सुरुवातीचा क्रम अंदाधुंद असतो आणि त्यावरून काढलेली वजनेही तशीच असतात.

कोणते फीचर डोईजड झाले आहे हे पाहण्यासाठी तपासणीच्या भागात एकेका फीचरची मूल्ये पुस्तकांत उलटसुलट करून एनडीसीजी किती पडतो ते मोजा. आमच्याकडे 'गेल्या वर्षी किती वेळा घरी नेले' हे फीचर संशयास्पद निघाले. जुन्या शोधात जे वर दिसत होते तेच घरी नेले जात होते, म्हणजे जुन्या क्रमाची चूक मागच्या दाराने नव्या नेटवर्कमध्ये शिरत होती. ते काढून टाकले. या सगळ्यानंतर नेटवर्कची तुलना निव्वळ बीएम२५शी आणि शक्य असल्यास निर्णयवृक्षांवर आधारित लॅम्डामार्टशी अवश्य करा. अशा हाताने मोजलेल्या मोजक्या फीचर्सवर वृक्ष बऱ्याचदा सरस ठरतात, आणि तसे झाले तर वृक्षच वापरावेत.

ग्रंथपालबाईंची शेवटची मागणी मात्र या पद्धतीने पुरी होण्यासारखी नव्हती. ठरावीक गुणाच्या वर कोणतेच पुस्तक गेले नाही तर 'पुस्तक उपलब्ध नाही' असे दाखवावे, असे त्यांचे म्हणणे होते. पण ०.४, ०.१ आणि १.२ यांच्या जागी ५.४, ५.१ आणि ६.२ असते तरी लॉस तोच राहिला असता, कारण त्याने फक्त फरक पाहिले. एका क्वेरीतला ५ आणि दुसरीतला ५ यांची तुलना नेटवर्कला कोणी शिकवलेलीच नाही, म्हणून त्यावर कोठेही रेषा ओढता येत नाही. त्या कामासाठी आम्ही साधा नियम ठेवला: क्वेरीतील एकही शब्द शीर्षक, लेखक किंवा विषय यांत जुळला नाही तर तसे सांगायचे, आणि नेटवर्कला मध्ये घ्यायचे नाही.